‘सोमवारी या, बाकी आल्यावर बघू’ : नव्या सहकाऱ्यासाठी पहिल्या आठवड्याचे सूचनापत्र कसे लिहावे

तालुक्याच्या गावातील जिनिंग, डाळ मिल, पतसंस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अशा ठिकाणी नवीन माणसाची निवड झाली, की त्याला ती बातमी बहुधा व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींतून कळते. त्या ओळी आपुलकीने लिहिलेल्या असतात, परंतु त्या वाचून पहिल्या दिवशी नेमके काय करायचे हे उमगत नाही. अशा निरोपातून उबदार आणि तरीही नेमके सूचनापत्र तयार करण्याचे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळी रीत एकाच उदाहरणावरून पाहू.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचे खरेदी केंद्र आहे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आहे, सोयाबीनची आवक सुरू झाली आहे आणि केंद्रावर नोंदी ठेवण्यासाठी एका ताईंची सहायक म्हणून निवड झाली आहे. त्या जवळच्याच गावातून रोज एसटीने येणार आहेत. व्यवस्थापकांनी त्यांना पाठवायचा म्हणून लिहिलेला निरोप असा आहे :

> अभिनंदन ताई! तुमचं पक्कं झालं बरं का. सोमवारपासून सकाळी या गोदामावर. येताना कागदपत्रं आणा सगळी. काम काही अवघड नाही, चार दिवसांत जमून जाईल. बाकी आल्यावर बघू. काही लागलं तर फोन करा बिनधास्त. आपलंच घर समजा!

आधी धूसर शब्द वेगळे काढा

निरोप कागदावर उतरवून घ्या आणि ज्या शब्दापाशी वाचणाऱ्याला प्रश्न पडेल त्या शब्दाखाली रेघ ओढून समोर तो प्रश्न लिहा. ‘सकाळी’ म्हणजे पहिल्या एसटीने निघायचे की दुसऱ्या? ‘गोदामावर’ म्हणजे रस्त्याकडच्या कार्यालयात, की मागच्या बाजूला जिथे ट्रॅक्टर उभे राहतात तिथे? ‘कागदपत्रं सगळी’ वाचून मनुष्य दहावीच्या गुणपत्रिकेपासून रेशनकार्डापर्यंत सारे पिशवीत भरतो आणि नेमके बँकेचे पासबुक घरी राहते. ‘फोन करा’ म्हटले आहे, पण सोमवारी व्यवस्थापक बाजार समितीत अडकले असतील तर तो फोन कोण उचलणार?

या निरोपात सर्वांत अपायकारक वाक्य मात्र धीर देण्यासाठीच लिहिले गेले आहे. ‘काम काही अवघड नाही, चार दिवसांत जमून जाईल’ असे सांगितल्यावर ज्याला चौथ्या दिवशीही जमलेले नसते, तो न जमल्याचे बोलून दाखवत नाही. खरेदी केंद्रावर अशा गप्प बसण्याची किंमत शेतकऱ्याच्या पावतीतल्या आकड्यात मोजावी लागते. म्हणून काम सोपे आहे असे न सांगता, पहिल्या आठवड्यात त्यातला किती भाग अपेक्षित आहे आणि किती नाही, हे सांगावे. धीर त्यातूनच मिळतो.

उत्तरे ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारा

रेघा ओढून झाल्यावर उत्तरे स्वतःच्या मनाने भरू नयेत. कोणती कागदपत्रे लागतात हे हिशेबनिसांना विचारावे, पहिल्या दिवशी काट्याजवळ कोण असेल हे गोदाम सांभाळणाऱ्या भाऊंना विचारावे, आणि शक्य असेल तर सर्वांत अलीकडे रुजू झालेल्या माणसाला ‘पहिल्या दिवशी तुझे कुठे अडले होते?’ असे विचारावे. या तिसऱ्या प्रश्नातून ज्या गोष्टी हाती लागतात त्या जुन्या माणसांच्या ध्यानातही येत नाहीत. प्यायचे पाणी कुठे आहे, महिलांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते, जेवायला किती वाजता आणि कुठे बसतात, आवक वाढली की संध्याकाळी किती उशीर होतो, या त्या गोष्टी. एसटीने ये-जा करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा असतो आणि ती तो पहिल्या दिवशी बहुधा विचारत नाही.

मजकूर दोन भागांत लिहा

येण्याआधी लागणारी माहिती फोनवर पाठवावी आणि पहिल्या आठवड्याची कामे छापलेल्या एका पानावर हातात द्यावीत. दोन्ही गोष्टी एकाच लांबलचक निरोपात कोंबल्या, तर एसटीत बसून वाचणाऱ्याला गुरुवारच्या कामाखाली सोमवारची वेळ सापडत नाही. शिवाय गोदामात नोंदवहीशेजारी ठेवलेले पान दिवसातून अनेकदा पाहिले जाते, तर फोनमधला निरोप त्याच दिवशी वर सरकून जातो.

फोनवरचा निरोप किमान चार दिवस आधी, म्हणजे गुरुवारी पाठवावा, कारण पासबुकाची प्रत काढायची असेल तर बँक आणि झेरॉक्सचे दुकान उघडे असताना ते व्हायला हवे. वरचा निरोप बदलून असा लिहिता येईल :

> नमस्कार ताई. खरेदी केंद्रावर सहायक म्हणून तुमची निवड झाली, अभिनंदन! सोयाबीनची आवक सुरू झाल्यामुळे नोंदी ठेवायला आम्हाला माणसाची फार गरज होती, आणि बचत गटाचा हिशेब तुम्ही ज्या नीटपणे ठेवला तो पाहूनच आम्ही तुम्हाला निवडले.
>
> सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता रस्त्याकडच्या कार्यालयात या. तुमच्या गावाहून येणारी एसटी उशिरा आली तर काळजी करू नका, फक्त फोन करून सांगा. कार्यालयात हिशेबनीस ताई तुम्हाला भेटतील. त्यांचा नंबर या निरोपाखाली दिला आहे. मी दुपारनंतर भेटेन.
>
> येताना तीन गोष्टी आणा : आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन फोटो. याआधी कुठे नोकरी केली असेल आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक असेल तर तोही आणा, कारण तोच क्रमांक पुढे चालतो. मूळ कागद पाहून लगेच परत दिले जातील. कागदांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.
>
> दुपारी दीड वाजता आम्ही सगळे गोदामाच्या ओसरीत एकत्र जेवतो, डबा घेऊन या. पहिला आठवडा तुम्हाला साडेपाचला मोकळे करू, म्हणजे संध्याकाळची गाडी मिळेल. सोमवारी कोणतेही काम एकटीने करायचे नाही. केंद्र कसे चालते ते पाहायचे आहे.

निरोप लांबला, हे खरे आहे. परंतु त्यातल्या प्रत्येक वाक्याने वाचणारीचा एकेक प्रश्न मिटतो, आणि कौतुकाचे वाक्य ठोस असल्यामुळे ते उपचार वाटत नाही. ‘आपलंच घर समजा’ हे वाक्य गेले, पण त्यातला भाव डब्याच्या आणि एसटीच्या वाक्यांत आला आहे. आधार कार्डाबद्दल एक सूचना लिहिणाऱ्यासाठी आहे. प्रत ठेवण्याची गरज असेल तर क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. ती आपल्या कामाला पुरते का, हे हिशेबनिसांना आधीच विचारून घ्यावे आणि पुरत असेल तर तीच मागावी.

आदर आणि परिपत्रक यांत फरक ठेवा

नेमकेपणा आणायला निघालेला नवखा लेखक हमखास दुसऱ्या टोकाला जातो. ‘सोमवारी सकाळी या’ हे वाक्य सुधारताना तो लिहितो, ‘नवनियुक्त कर्मचाऱ्याने सकाळी ठीक ९.३० वाजता उपस्थित राहावे, विलंब झाल्यास गंभीर दखल घेण्यात येईल याची नोंद घ्यावी.’ वेळ नेमकी झाली, पण बोलणारा आणि ऐकणारी दोघेही वाक्यातून नाहीसे झाले आणि रुजू होण्याआधीच धमकी मिळाली. ‘सोमवारी साडेनऊला या, उशीर होणार असेल तर हिशेबनीस ताईंना फोन करा’ एवढ्याने वेळही कळते आणि उशीर झाल्यास काय करायचे तेही कळते.

व्यवहारात दोन पथ्ये पाळली तर हे साधते. पहिले, संपूर्ण मजकुरात ‘तुम्ही’ हेच संबोधन ठेवावे आणि ‘या, आणा, लिहा, दाखवा’ अशी साधी आज्ञार्थी रूपे वापरावीत. एका ओळीत ‘आपण यावे’ आणि पुढच्या ओळीत ‘घेऊन ये’ असे झाले की वाचणाऱ्याला आपली जागा कळत नाही. दुसरे, प्रत्येक सूचनेत करणारी व्यक्ती दिसली पाहिजे. ‘नोंदवही तपासली जाईल’ असे न लिहिता ‘नोंदवही गोदाम सांभाळणारे भाऊ रोज सहा वाजता तपासतात’ असे लिहावे. केंद्रावर ज्यांना सगळे ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हणतात त्यांचा उल्लेख पानावरही तसाच करावा, पण पहिल्या उल्लेखाजवळ त्यांचे पूर्ण नाव व काम लिहावे, कारण आपल्याकडे एका गोदामात चार भाऊ सहज असतात.

आठवड्याचे पान : प्रत्येक कामाला शेवट द्या

खरे कष्ट या पानावर घ्यावे लागतात. ‘काटापट्टी कशी लिहायची ते शिका’ ही सूचना नव्हे, कारण ती कधी पूर्ण झाली हे कोणालाच सांगता येत नाही. कामाची सूचना लिहिताना ते केव्हा करायचे, किती करायचे, कशावरून पूर्ण झाले असे समजायचे आणि कोणाला दाखवायचे, एवढे तिच्यात आले पाहिजे.

काटापट्टीचेच उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर किंवा बंडीतून आलेले सोयाबीनचे कट्टे इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात, एकूण वजनातून बारदान्याचे वजन वजा होते आणि उरलेले निव्वळ वजन शेतकऱ्याच्या हिशेबाला लागते. नव्या माणसाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे निव्वळ वजनाच्या रकान्यात एकूण वजन उतरवणे. सूचना अशी लिहिता येईल :

> मंगळवार आणि बुधवार : भाऊ काट्यावर वजन वाचतील, तुम्ही काटापट्टी लिहा. शेतकऱ्याचे नाव, गाव, कट्ट्यांची संख्या, एकूण वजन, बारदाना आणि निव्वळ वजन या क्रमानेच लिहा आणि निव्वळ वजनाचा आकडा शेतकऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा. सही भाऊ करतील. संध्याकाळी पाच वाजता दिवसभराच्या काटापट्ट्यांवरील निव्वळ वजनांची बेरीज करा. ती गोदामाच्या आवक वहीतील बेरजेशी जुळली की त्या दिवसाचे काम पूर्ण झाले. जुळली नाही तर त्याच संध्याकाळी भाऊंना दाखवा. चुकलेल्या आकड्यावर पांढरी शाई लावू नका. एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. चूक सापडणे ही या आठवड्यात अपेक्षित गोष्ट आहे.

शेवटच्या वाक्याकडे पाहा. आपुलकीची जागा पानाच्या डोक्यावरच्या स्वागतापेक्षा इथे, चूक होण्याच्या नेमक्या ठिकाणी, अधिक उपयोगी पडते. ‘मोठ्याने वाचून दाखवा’ यालाही कारण आहे. शेतकऱ्याला आपल्या मालाचा अंदाज असतो, त्यामुळे आकडा ऐकताच तो अडवतो आणि चूक पावतीवर पक्की होण्याआधीच सुधारते. असे कारण सूचनेबरोबर एका वाक्यात दिले, तर नवा माणूस घाईच्या वेळी ती पायरी गाळत नाही.

बदलणारे आकडे तारखेसह द्या

काही सूचनांमध्ये आकडा लागतोच, आणि तिथे निराळी काळजी घ्यावी लागते. सोयाबीनमधील ओलाव्याचे उदाहरण बोलके आहे. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते, परंतु २०२४-२५ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. ज्याने आपल्या पानावर नुसते ‘१२ टक्के’ लिहून ठेवले असेल, त्याचे पान तेव्हा एका परिपत्रकासरशी चुकीचे ठरले असेल. म्हणून पानावर ‘ओलाव्याची मर्यादा काट्याजवळ लावलेल्या या हंगामाच्या परिपत्रकात पाहा, परिपत्रकावरची तारीख रोज सकाळी तपासा’ असे लिहावे. केंद्र स्वतःसाठी खरेदी करत असेल तर मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. तेव्हा ती कोणी व कधी ठरवली हे लिहावे.

मोजण्याची रीत मात्र बदलत नाही, म्हणून ती पूर्ण लिहावी. वरच्या, मधल्या आणि खालच्या कट्ट्यांतून परखीने नमुना काढणे, तो एकत्र करणे, मीटरवर सोयाबीनचीच निवड आहे याची खात्री करणे आणि तीन वेळा मोजून सरासरी घेणे. मीटरवर आधीच्या कोणी दुसरे पीक ठेवलेले असेल तर आकडा येतो, पण तो चुकीचा असतो आणि वरवर पाहून ते कळत नाही. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरचे वरचे कट्टे दवाने ओलसर होतात, त्यामुळे एकाच कट्ट्यातून घेतलेल्या नमुन्यावर निर्णय देणे अन्यायाचे ठरते, हेही तिथेच लिहावे.

काय करायचे नाही ते स्पष्ट लिहा

आमच्याकडच्या सूचनापत्रांत हा भाग सहसा सापडत नाही, कारण नव्या माणसाला ‘हे करू नका’ असे सांगणे अविश्वासाचे वाटते. माझ्या मते उलट आहे. अधिकाराची कड कळली की त्या कडेच्या आत माणूस मोकळेपणाने वावरतो. आपल्या उदाहरणातील ताईंसाठी तीनच मर्यादा पुरेशा आहेत :

> पहिल्या आठवड्यात कोणाचाही माल परत पाठवण्याचा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही; तो भाऊ घेतील. पैसे केव्हा मिळतील असे शेतकऱ्याने विचारले तर तारीख सांगू नका, ‘हिशेबनीस ताईंना विचारून सांगते’ असे म्हणा आणि विचारून खरोखर सांगा. ओलाव्याच्या आकड्यावर कोणी हरकत घेतली तर वाद घालू नका. त्यांच्यासमोर नवा नमुना काढायला भाऊंना बोलवा. तुम्ही नवीन आहात हे आम्ही सगळ्यांना सांगितले आहे.

पैशांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे याचे आयते वाक्य देणे फार आवश्यक आहे. बंडी घेऊन तासभर रांगेत उभा राहिलेला शेतकरी, बहुधा ओळखीतलाच, समोर येतो आणि नवी सहायक संकोचाने ‘दोन-चार दिवसांत मिळतील’ असे बोलून जाते. तो शब्द मग कंपनीचा होतो. ‘विचारून खरोखर सांगा’ हा तुकडा गाळला तर हेच वाक्य टाळाटाळीचे साधन बनते.

आठवड्यातील बाकी दिवसांबद्दल फार लिहू नये. सोमवारी पाहणे, मंगळवार-बुधवारी काटापट्टी, गुरुवारी व शुक्रवारी भाऊंच्या मोजणीनंतर त्याच नमुन्याचा ओलावा स्वतः मोजून दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहिणे, एवढेच पुरे. नोंदणीसाठी शेतकऱ्यांचा सातबारा, पीकपेरा आणि पासबुक तपासण्याचे काम पुढच्या आठवड्यावर ढकलावे आणि तसे पानावर लिहावेही, म्हणजे शेजारी चाललेले ते काम पाहून ‘हे मला यायला हवे होते का?’ अशी धास्ती वाटणार नाही.

पाठवण्याआधी दुसऱ्याकडून वाचून घ्या

दोन्ही मजकूर तयार झाले की ते खरेदी केंद्राचे काम न जाणणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावेत. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान’ असेच येते. मजकूर परत घ्यावा आणि विचारावे, ‘सोमवारी किती वाजता, कुठे जाशील? कोणाला भेटशील? मंगळवारी बेरीज जुळली नाही तर काय करशील?’ जिथे तो अडखळतो ते वाक्य बदलावे. तो ‘बहुतेक भाऊंना सांगेन’ असे म्हणाला, तर त्या ‘बहुतेक’चा अर्थ असा की सूचना पानावर आहे पण ठसलेली नाही, अशी सूचना परिच्छेदाच्या मध्यातून काढून वेगळ्या ओळीवर आणावी. त्यानंतर ज्यांची नावे पानावर आली आहेत त्या प्रत्येकाला आपापला भाग दाखवावा. भाऊंना ठाऊकच नसेल की मंगळवारी सही त्यांनी करायची आहे, तर ताईंना दिलेले आश्वासन पहिल्याच तासाला खोटे पडते.

पान सोमवारी हातात देताना व्यवस्थापकांनी किंवा हिशेबनिसांनी ते शेजारी बसून एकदा वाचून दाखवावे. शनिवारी दुपारी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि ती वेळही पानावर छापावी. त्या बैठकीत ताईंचे काम तपासण्याऐवजी पान तपासावे : कोणती सूचना समजली नाही, कोणती प्रत्यक्षात वेगळी निघाली, कोणता प्रश्न पानावर नव्हता. त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा मूळ मजकुरात उतरवून खाली नवी तारीख घालावी. जानेवारीत तुरीची आवक सुरू होऊन दुसरा माणूस घ्यावा लागला, की हेच पान पुढे करता येईल. तेव्हा मीटरवरची पिकाची निवड, परिपत्रक आणि बारदान्याचे वजन एवढ्या तीन जागा आधी बदलून घ्याव्यात.